सोमवारपासून नोकरीला जातेय

बऱ्याच जणींनी फोन करून विचारलं, "सकाळी साडेआठला डबा घेऊन कुठं चालतेस रोज?" म्हणून एकदाच लिहून टाकते. गेल्या सोमवारी कुपवाड एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ज्युनियर अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झाले. सहा महिने प्रोबेशन आहे. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर चालेल का हे अजून कुणाला विचारायचं धाडस झालेलं नाही.

पद ऐकायला बरं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात मी मुख्यतः काचेची भांडी धुतली आणि सॅम्पलच्या पिशव्यांवर नंबर टाकले. एक पिपेट फोडलं. आमच्याकडे येतं त्यातलं बरंचसं हळदच असते. पूड अल्कोहोलमध्ये घोळवून हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन काढायचं, कारण ते पाण्यात उतरत नाही, आणि मग यंत्रात ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. ओलावा किती, स्टार्च मिसळलाय का, मेटॅनिल यलोसारखा रंग घातलाय का, हे सगळं वेगळं. यातलं निम्मं मी अजून नुसतं शेजारी उभी राहून बघते.

२०१५ ला केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाले, २०१६ ला लग्न, मग लेक. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांची नावं मुद्दाम टाकत नाही. त्यातल्या निम्म्यांना ते आवडणार नाही. पण वाचल्यावर ज्याचं त्याला कळेल.

कॉलेजच्या ऑफिसातले काका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलवाडीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही लेकीला कडेवर घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. कपडे घेतले, गॅसचं पुस्तक घेतलं, लेकीचं औषध घेतलं. माझ्या मार्कशीटची फाइल पलंगाखालच्या ट्रंकेत राहिली. परत आलो तर सहा सेमिस्टरचा एकच गठ्ठा झालेला, आणि वर चिखलाचा थर. खरं सांगायचं तर मला तेव्हा फार वाईटही वाटलं नाही. घरात गुडघाभर गाळ असताना मार्कशीट कोण बघतंय? दोन वर्षांनी अर्ज करायची वेळ आली तेव्हा रडू आलं. काकांनी पंचनाम्याची झेरॉक्स मागितली, फॉर्म स्वतः भरून दिला, शिवाजी विद्यापीठात कुठल्या खिडकीवर जायचं ते कागदावर नकाशा काढून दाखवलं. "लेकीला घेऊन दोनदा कोल्हापूरला हेलपाटा नको," म्हणाले. एकाच खेपेत काम झालं. तो नकाशा अजून माझ्या पर्समध्ये आहे.

कॉलेजातली माझी मैत्रीण, जी एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. तिने मला सलग अकरा रविवार शिकवलं. आठवड्याची एकच सुट्टी, तीही माझ्यावर घालवली. सात वर्षांत मी काय काय विसरले होते त्याची मला कल्पनाच नव्हती. मोल आणि मोलॅरिटीत गोंधळले तेव्हा तिने नुसतं माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकला. तिची जुनी वही तिने मला दिली, हाताने लिहिलेली, मागे हिशेबाची उदाहरणं.

ही नोकरी पहिल्या फटक्यात लागलेली नाही. त्याआधी दोन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी विचारलं, "रीडिंग यंत्राच्या मर्यादेच्या वर गेलं तर काय कराल?" मी म्हणाले, "वहीत लिहीन." समोरचे साहेब हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. सॅम्पल पातळ करायचं, पुन्हा मोजायचं आणि जितक्या पट पातळ केलं तितक्याने गुणायचं, एवढं साधं उत्तर होतं. यावेळी तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत आला! मैत्रिणीने त्या रविवारी मला तीच गोष्ट चार वेळा करायला लावली होती.

दुसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीत मधल्या वर्षांत काय केलं असं विचारलं. मूल वाढवलं म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. त्यावर जास्त लिहीत नाही.

शेजारच्या काकूंनी माझी लेक शाळेतून आल्यावर सहा वाजेपर्यंत सांभाळायचं कबूल केलंय. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला पैसे? माझ्या गुडघ्याला तेवढी तुझी पोरगी तेल लावती." आणि घरच्यांनी, म्हणजे लेकीच्या बाबांनी, दोन वेण्या घालायला शिकलंय. पहिल्या दिवशी एक वेणी कानामागे आणि दुसरी जवळजवळ डोक्यावर होती. शाळेतल्या बाईंनी मला ओळखीचं हसून दाखवलं. आता बऱ्या जमतात.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, यांचा आक्षेप वेगळाच. "हळद तपासायला कॉलेज कशाला पायजे गं? तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची, झालं की." पण पहाटे साडेपाचला उठून माझा डबा त्याच भरतात. मी नको म्हटलं तरी.

आणि माझे आप्पा. त्यांनी उभं आयुष्य सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली केली. हळदीची पोती. लहानपणी आमच्या घरात धुतलेला एकही पांढरा शर्ट पांढरा नव्हता, बादलीतलं पाणीसुद्धा पिवळं. कॉलेजात असताना कुणी विचारलं वडील काय करतात, तर मी "मार्केटला आहेत" एवढंच सांगायचे. आज ते लिहिताना लाज वाटते. माझ्या बी.एस्सी.ची तीन वर्षांची फी त्याच पाठीवरून आलीय, आणि आता ती पाठ त्यांना रात्री झोपू देत नाही.

सोमवारी संध्याकाळी थेट माहेरी गेले. भडंगाचा पुडा नेला होता, पेढे त्यांना चालत नाहीत. त्यांनी विचारलं, "तिथं हळकुंड मोडून बघता का?" सौद्याला व्यापारी असंच करतात, हळकुंड कटकन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. मी म्हटलं, नाही, दळून बघतो. "मग आतला रंग कसा कळंल?" म्हटलं, यंत्र आकडा सांगतं. ते बराच वेळ भडंग चावत बसले. मग म्हणाले, "आकडा आल्यावर एकदा मोडूनबी बघत जा."

मंगळवारी बघितलं. वरिष्ठ मॅडमना विचारून, रिपोर्टशी काही संबंध नसलेलं एक उरलेलं हळकुंड. आतून गर्द केशरी होतं. फोटो काढून आप्पांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. तो पाठवायला त्यांना माझ्या भाच्याने शिकवलंय, म्हणजे त्याचेही आभार.

पगार विचारू नका, पहिला अजून व्हायचाय. मैत्रिणीची ती वही आता माझ्याकडे नुसतीच पडून आहे आणि तिने ती परत घ्यायला नकार दिलाय. सांगली-मिरज भागात कुणी केमिस्ट्री करून घरी बसलेली असेल, परत सुरू करायचं मनात असेल, तर मेसेज करा. वही देते. रविवारी दुपारी मी घरी असते, मोलॅरिटीचं आता मला येतं. फक्त पिपेट कसं धरायचं ते मला विचारू नका.