शिरोलीहून बंदरापर्यंत: दर सोमवारची पोस्ट

पहिला सोमवार: बोटाचा ठसा

जर्मनीतला ग्राहक पेटी उघडतो तेव्हा त्याला आपली भट्टी दिसत नाही, सीएनसीवर रात्रपाळी करणारा पोरगा दिसत नाही. समोर असते ती फक्त पंपाची बॉडी. बेअरिंग बसतं त्या बोअरमध्ये गंजाचा तांबूस बोटाचा ठसा असेल, अगदी रेषांसकट, तर बाकी सगळं मापात असूनही माल परत. हाताच्या घामातलं मीठ ताज्या मशीन केलेल्या बिडाला सोडत नाही.

म्हणून आमच्याकडे मशिनिंगनंतर मालाला कोणी उघड्या हाताने शिवत नाही. धुवायचा, पूर्ण वाळवायचा, गंजरोधक तेल लावायचं, मग गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या व्हीसीआय पिशवीत घालायचा. वाळवण्यात घाई झाली तर पिशवी ती ओल आतच कोंडून ठेवते. न्हावा शेवाच्या दमट उकाड्यात बंद झालेला कंटेनर थंड हवेत शिरला की आतली वाफ छताला धरते आणि थेंब मालावर पडतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि माल कंटेनरमध्ये आणखी दिवस राहू लागला. तेव्हापासून कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगणं आम्ही सक्तीचं केलं.

लाकडी पेटीचंही तसंच. लाकडी पॅकिंगच्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. पेटीवाल्याकडून शिक्क्याबरोबर ट्रीटमेंटचं सर्टिफिकेटही घ्या.

दुसरा सोमवार: एफओबी लिहिण्याआधी

कोल्हापुरात कोटेशनवर सवयीने एफओबी लिहिलं जातं. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली. पण कंटेनर आपण आधीच बंदरावर सोपवलेला असतो. यार्डात तो किती दिवस पडून राहील, कसा उचलला जाईल, यावर आपला काडीचाही ताबा नाही. कंटेनरच्या मालाला एफसीए घ्या. ठरल्या जागी ग्राहकाच्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की जोखीम त्याची.

एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर, पैसे देताना बँक ‘ऑन बोर्ड’, म्हणजे माल जहाजावर चढल्याची नोंद असलेलं, बिल ऑफ लेडिंग मागते म्हणून बरेच जण एफसीएला बिचकतात. इनकोटर्म्स २०२० मध्ये त्याची सोय आहे: तसं बिल आपल्याला द्यायला ग्राहकाने वाहतूकदाराला सांगावं, हे करारातच लिहून घेता येतं.

तिसरा सोमवार: ‘आपण छोटे आहोत’

सीबॅमबद्दल हे वाक्य मला हल्ली सारखं ऐकू येतं आणि त्याची काळजी वाटते. युरोपचा हा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. वर्षाला ५० टनांची सूट आहे, हे खरं. पण ते ५० टन मोजले जातात आयातदाराच्या खात्यावर. तुम्ही आठच टन पाठवता, पण तोच ग्राहक तुर्कस्तान आणि चीनमधूनही सीबॅमच्या यादीतला माल घेत असेल आणि एकूण ५० टनांच्या वर जात असेल, तर तुमचे आठ टनही हिशोबात आले.

आपला माल यादीत आहे का, हे एचएस कोडवर ठरतं. ७३०७ मधल्या पाइप फिटिंग यादीत आहेत. पंपाचे भाग ज्या ८४१३ मध्ये जातात, तो कोड सुरुवातीच्या यादीत नाही. तेव्हा आधी शिपिंग बिलावरचा कोड कस्टमचं काम बघणाऱ्या सीएचएबरोबर बसून पाहा.

यादीत असाल तर ग्राहक विचारणार: पिग आयर्न कुठल्या कारखान्याचं, स्क्रॅप किती, भट्टीला इंधन कोणतं? प्रत्यक्ष आकडे मिळाले नाहीत तर युरोपची ठरलेली मूल्यं लागतात आणि ती सहसा आपल्या गैरसोयीची असतात. स्क्रॅप जास्त वापरणाऱ्या फाउंड्रीचं यात मोठं नुकसान आहे, कारण तिचा खरा आकडा चांगला असूनही कागदावर दिसत नाही. हीट लॉगबुक आपण ठेवतोच. त्यात चार्जचं वजन, पिग आयर्नचा पुरवठादार आणि बिल नंबर असे तीन रकाने आजच वाढवा.

चौथा सोमवार: फेटलिंगवाल्याचे पैसे

परदेशी ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो, म्हणून आपणही ओतीव माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला, साच्याचा नमुना करणाऱ्या पॅटर्नवाल्याला ९० दिवस थांबवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत मला पटत नाही. एमएसएमई कायद्यात मर्यादा लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आता आयकराच्या नियमामुळे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही.

९० दिवसांचा भार बँकेवर टाकायचा असतो, जॉबवर्कवाल्यावर नाही. ऑर्डर हातात आली की पॅकिंग क्रेडिट घ्या, माल गेला की बिल डिस्काउंट करा, आणि नवीन ग्राहक असेल तर निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणाऱ्या ईसीजीसीचं कव्हर घेतल्याशिवाय उधारी देऊ नका. आमच्या पॅटर्नवाल्याला पैसे वेळेवर मिळतात, म्हणून नवीन ड्रॉइंग आलं की तो आधी आमचा पॅटर्न हातात घेतो. सॅम्पल वेळेत जातं ते त्याच्यामुळे.