दोन फॉर्म १६, दोन्हीकडे टीडीएस शून्य. तरी कर ४६,८०० रुपये?

नोकरदारांसाठी मोफत वेबिनार, मराठीतून
विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६ चं रिटर्न भरण्याआधी फॉर्म १६, २६एएस आणि एआयएस यांची जुळवणी
रविवार, २१ जून २०२६, संध्याकाळी ७:३० ते ९:००, भारतीय प्रमाणवेळ
झूमवर, फक्त १०० जागा

शीर्षकातला आकडा घाबरवायला टाकलेला नाही, हिशेब करून बघा. समजा, तुम्ही पुण्यात सहा महिने ९०,००० पगारावर होता आणि ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत १,३०,००० वर गेलात. पहिल्या कंपनीने वर्षाचे १० लाख ८० हजार धरले, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, रक्कम १२ लाखांच्या आत राहिली, म्हणून टीडीएस कापला नाही. दुसऱ्या कंपनीला तुमचे फक्त ७ लाख ८० हजार दिसले. तिनेही ७५,००० वजा केले आणि तिचाही टीडीएस शून्य. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर. पण वर्षाचा पगार एकच, १३ लाख २० हजार, आणि वजावटही एकदाच. उत्पन्न झालं १२ लाख ४५ हजार. १२ लाखांची वेस ओलांडली की तोवर कर शून्य करणारी कलम ८७ए ची सवलत जाते. नव्या करप्रणालीच्या स्लॅबप्रमाणे कर ६६,७५० येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांच्या वरच्या ४५,००० इतकाच राहतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून ४६,८००. वर्षभरात काहीच न भरल्यामुळे व्याज लागतं ते वेगळं.

नव्या कंपनीत रुजू होताना जुन्या पगाराची माहिती फॉर्म १२बी मध्ये दिली असती, तर हे दर महिन्याला थोडंथोडं कापलं गेलं असतं. एचआरने तो फॉर्म दिलेला असतो हो, पण जॉइनिंगच्या दिवशी आपण वीस कागदांवर सह्या ठोकतो, त्यात हा कोरा जातो.

बोलणार मीच आहे, म्हणून माझ्याबद्दल थोडं. मी सांगलीची. चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयातून बी.कॉम., २००९ मध्ये सीए, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाची सदस्य. तीन वर्षं पुण्यात ऑडिट केलं. २०१२ पासून विश्रामबागेत स्वतःची प्रॅक्टिस आहे, आणि त्यातलं निम्मं काम पगारदारांच्या रिटर्नचं. विमा, म्युच्युअल फंड यातलं मी काही विकत नाही, त्या दिवशीही विकणार नाही.

सर्वांत जास्त वेळ एआयएसवर, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकावर देणार आहे. फॉर्म १६ कंपनीला जेवढं माहीत तेवढंच सांगतो. बँकेतल्या ठेवीचं व्याज, डिव्हिडंड, शेअर्सची विक्री हे सगळं एआयएसमध्ये येतं, आणि खातं तुम्ही विसरला असलात तरी बँक विसरत नाही. कंपन्यांनी फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून असते, शेवटच्या तिमाहीचा टीडीएसही तोवर बहुतेकांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या पत्रकात दिसू लागतो. २१ तारीख त्यासाठीच ठेवली. ३१ जुलैच्या आदल्या रात्री पोर्टल गोल गोल फिरत असताना ही जुळवणी होत नाही.

आपल्या भागाचा एक खास प्रश्न मुद्दाम घेतला आहे. नोकरी हिंजवडीत, पण सातबाऱ्यावर नाव आहे आणि कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर येतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण म्हणून ते दाखवायचंच नाही असं नव्हे. ते ५,००० च्या वर गेलं की साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. पगाराचा दर ठरवताना हे उत्पन्न हिशेबात कसं धरतात, ते वाळवा तालुक्यातल्या एका ऊस-अधिक-पगार उदाहरणावरून आकड्यांत मांडून दाखवेन.

जुनी की नवी करप्रणाली, यावर वीस मिनिटं. घरभाडं भत्ता आणि राहत्या घराच्या कर्जाचं व्याज जुन्या प्रणालीतच मिळतं. कंपनीला नवी सांगितली असली तरी फक्त पगार असलेल्यांना रिटर्न भरताना जुनी निवडता येते, मात्र मुदतीच्या आत. मुदत चुकली की नवीच. शेअर्सवाल्यांना एक इशारा आधीच देऊन ठेवते: अल्पकालीन नफ्यावरच्या २० टक्के कराला नव्या प्रणालीतली ८७ए ची सवलत लागू होत नाही.

परदेशात असलेल्या मंडळींनीही यावं. अनिवासी असाल तर ८७ए ची सवलत मुळातच नाही आणि आयटीआर-१ ही नाही. सांगली-मिरजेतल्या फ्लॅटचं भाडं किंवा एनआरओ ठेवीचं व्याज येत असेल, तर शेवटची पंधरा मिनिटं तुमची.

तुमच्या घड्याळात ही वेळ अशी:
भारत: रविवार संध्याकाळी ७:३०
दुबई: संध्याकाळी ६:००
सिंगापूर: रात्री १०:००
लंडन: दुपारी ३:००
न्यू जर्सी: सकाळी १०:००
कॅलिफोर्निया: सकाळी ७:००
सगळीकडे वार रविवारच, तारीखही २१ जूनच.

यायचं कसं?
१. या प्रोफाइलवरच्या नोंदणीच्या लिंकवर टॅप करा. नाव, ईमेल आणि तुमचा एक प्रश्न, एवढंच भरायचं आहे. पॅन, आधार, मोबाइल नंबर मागितलेला नाही. कुणी माझ्या नावाने मागितला तर देऊ नका.
२. काही मिनिटांत झूमकडून ईमेल येईल. दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा. त्यातली लिंक तुमच्या एकट्यासाठी आहे, ग्रुपवर टाकू नका. टाकलीत तर तुमच्या जागी मेहुणा बसेल आणि तुम्ही बाहेर राहाल.
३. ईमेलमधूनच वेळ कॅलेंडरमध्ये टाकून घ्या, परदेशातल्यांना ती आपोआप तिथल्या वेळेत दिसते.
४. रविवारी लिंक उघडा. फोनवर झूम ॲप लागेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲप टाकायची परवानगी नसेल तर "Join from your browser" निवडा.

येण्याआधी incometax.gov.in वर लॉगिन करून एआयएसची पीडीएफ उतरवून ठेवा. तिचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख ddmmyyyy अशी, मध्ये जागा न सोडता. त्या दिवशी निम्मे लोक इथेच अडकतात, आणि माझी दहा मिनिटं त्यात जातात. ही कागदपत्रं स्वतःसमोर ठेवा, चॅटमध्ये पॅन किंवा पगाराचा आकडा टाकू नका.

माइक बंदच असतील, त्यामुळे भडंगाची वाटी घेऊन बसलात तरी हरकत नाही. प्रश्न चॅटमध्ये लिहा, नोंदणीवेळी आलेल्या प्रश्नांना पहिला मान. पावसाने लाईट गेली तर माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. तुमच्याकडची गेली तर रेकॉर्डिंगची लिंक नोंदणी केलेल्यांना सोमवारी ईमेलने येईल, सात दिवस चालेल.

नोंदणी शनिवार, २० जून, रात्री ९ पर्यंत (भारतीय वेळ), किंवा १०० जागा भरेपर्यंत. वेटिंग रूम सव्वासातला उघडते. साडेसात म्हणजे साडेसातच, पहिल्या पाच मिनिटांत वरचं ४६,८०० चं गणित स्क्रीनवर सोडवणार आहे.