केळीच्या खोडाचा धागा: आठवी, गट ३, चार आठवड्यांचं नियोजन

पहिला आठवडा: सामान. घड कापल्यावर बांधावर टाकलेलं खोड मळेवाल्या काकांना विचारूनच आणा. जुने कपडे घाला, चिकाचा डाग निघत नाही. बोथट सुरी, फळी, बाटली, मापट्याचा पेला. शनिवारी बाई प्रश्न तपासतील: आतल्या थराचा धागा मजबूत की बाहेरचा?

दुसरा: थर खरवडून धागे सावलीत वाळवा. शनिवारी धागे दाखवा.

तिसरा: खरं काम इथेच. दहा-दहा धाग्यांची सारखी वेणी, तिच्या खाली बाटली टांगा. वेणी तुटेपर्यंत बाटलीत पाणी ओता. १०० मिलिलिटर म्हणजे १०० ग्रॅम. प्रत्येक थराच्या पाच वेण्या, सरासरी काढा. नकोसा आकडा खोडायचा नाही. शनिवारी वही तपासणी.

चौथा: तक्ता, गुरुवारी सातवीपुढे रंगीत तालीम, शनिवारी प्रदर्शन. पाठांतर नको, जादा वेण्या ठेवा.