पोषण स्क्रीनिंग आणि पोषण असेसमेंट: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरं

प्रश्न: दोन्हीत वजन घेतो, दोन्हीत जेवणाचं विचारतो. मग फरक कुठे?

स्क्रीनिंग ही चाळणी आहे. वॉर्डातल्या तीस जणांपैकी कुपोषणाचा धोका कोणाला असू शकतो, एवढंच ती सांगते. असेसमेंट चाळणीवर अडकलेल्या एकेका रुग्णाची असते: कमतरता खरंच आहे का, कशाची, किती आणि कशामुळे. म्हणून स्क्रीनिंगमधून गुण निघतात आणि असेसमेंटमधून पोषण-निदान. मस्ट हे स्क्रीनिंगचं एक साधन; ‘मस्ट गुण २, म्हणून रुग्ण कुपोषित’ असं जर्नलमध्ये लिहू नका. ‘धोका जास्त, असेसमेंट हवं’ इथे स्क्रीनिंगचं काम संपतं.

प्रश्न: कोण करतं, कधी?

स्क्रीनिंग बहुतेक वेळा नर्स करते, भरती झाल्यापासून २४ तासांच्या आत. तीन-चार प्रश्न आणि एक-दोन मापं, पाचेक मिनिटांत आटोपतं. असेसमेंट आहारतज्ज्ञाचं काम आहे. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि रिपोर्ट, तपासणी, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं त्यात येतं.

प्रश्न: एखादं उदाहरण घेऊन दाखवा.

काटोलकडच्या ५८ वर्षांच्या बाई, यकृताचा जुना आजार. उंची १६२ सेंमी, आजचं वजन ५४.५ किलो. पाच महिन्यांपूर्वी ६० किलो होतं. वजन ठरवून कमी केलेलं नाही. थोडंथोडं जेवतात.

मस्ट लावू. बीएमआय असा:

54.5 ÷ (1.62 × 1.62) = 20.8

वीसच्या वर, म्हणून ० गुण. (१८.५ ते २० असता तर १, त्याखाली २.) आता वजनघट:

(60 − 54.5) ÷ 60 × 100 = 9.2%

३ ते ६ महिन्यांत ५ ते १० टक्के घट, म्हणून १ गुण. दहाच्या वर गेली असती तर २. तीव्र आजारात पाच दिवसांहून जास्त पोटात काहीच गेलं नसेल किंवा जाणार नसेल तर आणखी २ गुण मिळतात. या बाई खाताहेत, म्हणून ०. एकूण १, म्हणजे मध्यम धोका: तीन दिवस खाणं नोंदवा आणि पुन्हा बघा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आजच्या वजनाने भागणं. 5.5 ÷ 54.5 केलं की १०.१ टक्के येतात, गुण एकाचे दोन होतात आणि रुग्ण उगाच वरच्या गटात जातो. छेदात नेहमी आधीचं वजन.

प्रश्न: मग गुण १ बरोबर आहे ना?

हिशोब बरोबर आहे, वजन फसवं आहे. असेसमेंट करताना पायावरची चादर बाजूला केली आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो. दोन्ही पायांवर मध्यम सूज. ढोबळ अंदाजाने मध्यम सुजेचे ५ किलो वजा करतात. मग खरं वजन ४९.५ किलो, बीएमआय १८.९, घट १७.५ टक्के. आता मस्ट लावलं तर गुण ३ होतील. रुग्ण त्याच आहेत, दिवसही तोच. स्क्रीनिंगच्या कागदावर सुजेचा रकाना नव्हता, एवढंच.

प्रश्न: असेसमेंटमध्ये आणखी काय काय बघायचं?

शरीरमापं, रक्त-लघवीच्या तपासण्या, शारीरिक लक्षणं आणि आहार. यातलं तिसरं विद्यार्थी सर्वात घाईने उरकतात. कानशिलाची खोबण, गळ्याची हाडं, खांद्याचा गोलावा, अंगठा-तर्जनीमधला स्नायू हे हाताने चाचपून बघा. नुसतं लांबून ‘बारीक दिसते’ म्हणणं पुरत नाही.

आहार विचारताना ‘काय जेवता?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘वरण, भात, भाजी, पोळी.’ त्यातून काही कळत नाही. काल सकाळी उठल्यापासून विचारा. पोळी की ज्वारीची भाकरी, केवढी, किती? वरण किती वाट्या, त्यात डाळ किती आणि पाणी किती? पोह्यांवर तर्री होती का? जवसाची चटणी लोक ‘खाण्यात’ मोजतच नाहीत, ती वेगळी विचारा. तेलाचं उत्तर बाटलीवरून काढा: पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर लागत असेल, तर

4000 ÷ (5 × 30) ≈ 27 मिली

माणशी रोज. सण-समारंभाचा दिवस किंवा मे महिन्यातला रणरणता दिवस नेहमीचा धरू नका. उन्हात भूकच मरते.

प्रश्न: अल्ब्युमिन कमी आलं की कुपोषण, असं नाही का?

नाही. संसर्ग किंवा दाह असला की अल्ब्युमिन खाली येतं, पोटभर जेवणाऱ्याचंही. वरच्या बाईंचं यकृतच बिघडलेलं, म्हणजे ते तयार होण्याची जागाच आजारी. शिवाय त्याचं अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचं, त्यामुळे चार दिवसांच्या आहाराचा परिणाम त्यात दिसणार नाही.

विदर्भात दुसरा सापळा सिकलसेलचा. हिमोग्लोबिन ८ दिसलं की हात लगेच ‘लोहाची कमतरता’ लिहायला जातो. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटत असल्यामुळे हिमोग्लोबिन कमी असतं. आधी सिकलसेलचा रिपोर्ट आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघा, मगच लोहाबद्दल बोला. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह उलट साठलेलं असू शकतं.

प्रश्न: एसजीए कशात मोडतं?

असेसमेंटमध्ये. एसजीए म्हणजे सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट. त्यात वजनाचा इतिहास, खाणं, पोटाच्या तक्रारी, हालचाल आणि शारीरिक तपासणी एकत्र तोलून अ, ब किंवा क श्रेणी देतात. मस्ट, एमएसटी, एनआरएस-२००२ हे स्क्रीनिंग. ६५ वर्षांवरच्यांसाठीचा एमएनए मात्र दोन्हीकडे आहे: छोटा फॉर्म स्क्रीनिंगचा, पूर्ण फॉर्म असेसमेंटचा. परीक्षेत इथेच गल्लत होते.

प्रश्न: अंगणवाडीतली दंडघेराची फीत?

ती चाळणी, पण तिला जास्त अधिकार आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर तेवढ्यावरही तीव्र कुपोषण धरतात. तरी पुढचं उरतंच: दोन्ही पायांवर सूज, उंचीनुसार वजन, भुकेची चाचणी, ताप-जुलाब. बाळ घरी सांभाळायचं की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे त्यावर ठरतं.

प्रश्न: फाइलमध्ये दोन्ही नोंदी कशा लिहायच्या?

स्क्रीनिंग: ‘मस्ट १, मध्यम धोका. पायांवर सूज, वजन विश्वासार्ह नाही. आहारतज्ज्ञांकडे पाठवावे.’

असेसमेंट: ‘ऊर्जा व प्रथिनांचे अपुरे सेवन, कारण: मळमळ आणि मीठबंद जेवणाची अरुची; पुरावा: तीन दिवसांची सरासरी ९०० किलोकॅलरी व २८ ग्रॅम प्रथिने, गरज सुमारे १४८५ व ५९, सूज वजा जाता वजनघट १७.५ टक्के, कानशिलाचे स्नायू झिजलेले.’

प्रश्न: आणि गुण शून्य आले तर?

फाइल मिटत नाही. भरती असेपर्यंत दर आठवड्याला पुन्हा स्क्रीनिंग. शस्त्रक्रियेनंतर किंवा सलग उपाशी ठेवल्यावर शून्याचे दोन व्हायला आठवडाही लागत नाही, म्हणून अशा रुग्णाचं स्क्रीनिंग आठवड्याची वाट न बघता लगेच पुन्हा करा.