क्रमांक लावण्याआधी: नववीच्या वर्गशिक्षकांसाठी

सकाळ आणि दुपार, दोन्ही अधिवेशनांतल्या वर्गशिक्षकांनी वार्षिक निकालाच्या एक्सेल शीटला हात लावण्याआधी हे एकदा पूर्ण वाचावं. कुठली बटणं दाबायची ते पुढे आहेच. पण आधी गेल्या वर्षी काय झालं ते सांगते, म्हणजे एवढा आग्रह का, ते कळेल.

नववीच्या एका तुकडीत हजेरी क्रमांक १७ च्या मुलीला एकूण ४३३ गुण आणि तेविसावा क्रमांक मिळाला. पालकसभेला तिचे वडील करी रोडहून कामावरची अर्धी रजा टाकून आले होते. त्यांनी प्रगतिपुस्तक माझ्यासमोर ठेवलं, मोबाइलवर सहाही विषयांची बेरीज केली आणि म्हणाले, "बाई, पाचशे अकरा होतायत." बरोबर होतं त्यांचं. विषयांचे गुण अचूक छापले होते, बेरजेत मात्र ७८ कमी पडले होते. तेवढेच तिचे विज्ञानाचे गुण. खरं तर ती वर्गात चौथी होती. ती खाली गेल्यामुळे मधले १९ जण एकेक पायरी वर सरकले होते, म्हणजे तिच्यासकट वीस प्रगतिपुस्तकं चुकली. त्या शीटवर शेवटची सही माझी होती.

चूक इतकीच होती की विज्ञानाच्या सरांनी तो ७८ फोनवरच्या संदेशातून कॉपी करून चिकटवला होता आणि आकड्यामागे एक न दिसणारी मोकळी जागा आली होती. डोळ्यांना ७८ दिसत होते, एक्सेलसाठी मात्र तो मजकूर होता. `SUM` मजकूर सोडून देतं आणि सोडल्याचं कुठेही सांगत नाही. लाल खूण नाही, सूचना नाही.

म्हणून पहिलं काम क्रमांकाचं नाहीच. प्रत्येक चौकटीत खरोखर आकडा आहे ना, हे आधी बघायचं.

आपल्या शीटची रचना सगळ्या तुकड्यांना सारखी आहे. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C ते H मध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, I मध्ये एकूण, J मध्ये क्रमांक. मुलांच्या ओळी ४ पासून ४५ पर्यंत, म्हणजे ४२ मुलं. तुमच्या तुकडीत मुलं कमीजास्त असतील तर खालच्या सूत्रांतला 45 बदला. बाकी तसंच ठेवा.

मजकूर शोधणं

एक्सेल आपणहून आकडे चौकटीच्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे लावतं. पण आपण सगळे शीट सुबक दिसावी म्हणून सगळं मधोमध करतो आणि हीच खूण पुसून टाकतो. तपासणी होईपर्यंत मधोमध करू नका. चौकटीच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसला तर तो पुसून टाकायची घाई करू नका. बऱ्याचदा तो "हा आकडा मजकूर म्हणून साठवलाय" हेच सांगत असतो. मात्र दरवेळी तो दिसेलच असं नाही, तेव्हा डोळ्यांवर न विसंबता K4 मध्ये हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTA(C4:H4)-COUNT(C4:H4)
```

`COUNTA` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं, `COUNT` फक्त आकडे. वजाबाकी शून्य आली तर त्या ओळीत मजकूर नाही. एक किंवा जास्त आलं तर त्या मुलाच्या गुणांत कुठेतरी मजकूर बसलाय. तो मुलगा गैरहजर असेल तर ठीक, नाहीतर शोधा.

काय काय सापडतं ते अनुभवावरून सांगते. शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर, म्हणजे `8O`. सवलतीचे गुण दाखवायला लिहिलेलं `33+2`. माणसाला ते समजतं, एक्सेलला नाही. सवलतीसाठी वेगळा रकाना करा आणि मूळ रकान्यात नुसता आकडा ठेवा. संपूर्ण रकान्याचं स्वरूप आधीच Text केलेलं असणं हाही एक प्रकार. तिथे नंतर Number निवडलं तरी आत बसलेले आकडे मजकूरच राहतात. रकाना निवडून Data मधलं Text to Columns उघडा आणि लगेच Finish दाबा, म्हणजे ते आकडे होतात. चिकटवलेल्या गुणांमागची न दिसणारी जागा मात्र त्यानं जात नाही. त्यासाठी बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे करा आणि आलेलं उत्तर Paste Special मधल्या Values ने परत जागेवर ठेवा:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(G4,CHAR(160),"")))
```

एकच चौकट असेल तर हे सगळं करू नका. पुसा आणि हाताने पुन्हा टाइप करा.

याच्या उलट एक प्रकार आहे आणि तो K च्या तपासणीत सापडत नाही. तोंडी परीक्षेचे दहापैकी आठ म्हणून कुणी `8/10` लिहिलं की एक्सेल ती ८ ऑक्टोबर ही तारीख समजतं. तारीख आतून आकडाच असते, पंचेचाळीस हजारांच्या वरचा. त्या मुलाची बेरीज हजारोंत जाते आणि तो वर्गात पहिला येतो. म्हणून एका रिकाम्या चौकटीत हेही टाका. उत्तर शून्यच यायला हवं:

```
=COUNTIF(C4:H45,">100")
```

देवनागरी आकडे प्रगतिपुस्तकावर जरूर छापा, पण शीटमध्ये गुण भरताना इंग्रजी आकडेच टाका.

गैरहजर मुलं

गैरहजर मुलाला शून्य देऊ नका. पेपर लिहून शून्य मिळणं वेगळं आणि डेंग्यूनं रुग्णालयात असल्यामुळे पेपर चुकणं वेगळं. दोन्हींना एकच आकडा दिला तर शीटमधून तो फरक कायमचा जातो. `AB` लिहा, आणि सगळ्यांनी `AB` च लिहा. कुणी "गैरहजर", कुणी "गै.ह.", कुणी नुसती रेघ, असं करू नका.

मात्र `AB` असलेल्या मुलाची पाच विषयांची बेरीज इतरांच्या सहा विषयांच्या बेरजेशी ताडून बघणं चुकीचं आहे. नुसतं `SUM` ठेवलं तर तेच होतं. म्हणून I4 मध्ये हे ठेवा:

```
=IF(COUNT(C4:H4)=6,SUM(C4:H4),"अपूर्ण")
```

याचा दुसरा फायदा मोठा आहे. १७ क्रमांकाच्या मुलीच्या बाबतीत हे सूत्र असतं तर ४३३ च्या जागी "अपूर्ण" आलं असतं आणि मी तिथेच थांबले असते.

समान गुण

आता क्रमांक. आपल्यापैकी काही जण एकूण गुणांवर उतरत्या क्रमाने शीट लावतात आणि शेजारी १, २, ३ ओढत नेतात. हे बंद करायला हवं. समान गुणांची दोन मुलं शेजारी आली की एकाला सहावा आणि दुसऱ्याला सातवा क्रमांक मिळतो, आणि कुणाला कुठला हे बहुतेक वेळा हजेरीपटावर नाव आधी आहे की नंतर, यावर ठरतं. शिवाय उतरत्या क्रमात एक्सेल मजकूर आकड्यांच्या वर ठेवतं, म्हणजे "अपूर्ण" असलेला मुलगा यादीच्या डोक्यावर.

`RANK` वापरणाऱ्यांचं निम्मं काम झालंय, पण त्याची मोजणी समजून घ्या. समजा वरच्या सहा मुलांचे गुण ५४१, ५२८, ५२८, ५१९, ५१९, ४९८ असे आहेत. `RANK` त्यांना १, २, २, ४, ४, ६ असे क्रमांक देतं. तिसरा आणि पाचवा कुणालाच नाही. ही चूक नाही. आपल्यापुढे तीन जण आहेत म्हणून आपण चौथे, असा तो हिशेब आहे. दुसरी पद्धत १, २, २, ३, ३, ४ अशी. तिच्यात आपण "द्वितीय क्रमांक विभागून" म्हणतो आणि तृतीय क्रमांक तरीही दिला जातो.

दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. गैर आहे ते एका तुकडीत एक आणि शेजारच्या तुकडीत दुसरी वापरणं. गेल्या वर्षी तेच झालं. दोन वर्गांतली भावंडं घरी प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवतात, चाळीतली मुलं एकमेकांची बघतात. शिक्षकसभेत ठरल्याप्रमाणे यंदा सगळ्या तुकड्यांत दुसरी पद्धत. मलाही तीच पटते. दोन मुलींना दुसरा क्रमांक मिळाला म्हणून पुढच्याचं तिसरं बक्षीस रद्द व्हावं, हे त्याला समजावून सांगणं मला जमणार नाही. J4 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(ISNUMBER(I4),ROUND(SUMPRODUCT(ISNUMBER(I$4:I$45)*(I$4:I$45>I4)/COUNTIF(I$4:I$45,I$4:I$45&"")),0)+1,"")
```

लांब आहे, पण त्यातलं `ISNUMBER` काढू नका. एक्सेल तुलना करतं तेव्हा कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. इतरत्र मिळणाऱ्या छोट्या सूत्रात हा भाग नसतो. मग एक "अपूर्ण" असलेला मुलगा सगळ्यांच्या पुढे मोजला जातो आणि वर्गातल्या पहिल्याला दुसरा क्रमांक मिळतो. तसंच `$` ची चिन्हंही जपा. ती नसली तर सूत्र खाली ओढताना यादीही खाली सरकते, वरची मुलं मोजणीतून सुटतात आणि शेवटच्या ओळीतलं मूल पहिलं येतं.

समान गुण असतील तर गणितात जास्त गुण असणाऱ्याला वर ठेवावं, अशी सूचना आली होती. ती मान्य झालेली नाही आणि माझाही तिला विरोध आहे. ज्याचं मराठी उत्तम आहे त्यानं मागे का राहावं? समान गुण, समान क्रमांक. `RANK.AVG` तर अजिबात वापरू नका. ते दोघांना अडीचवा क्रमांक देतं.

अंतर्गत गुणांचं रूपांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. सूत्रातून आलेले ७१.६ आणि ७२.३ पडद्यावर दोन्ही ७२ दिसू शकतात, पण एक्सेल त्यांना वेगळेच मोजतं. मग पालकांना सारखे गुण आणि वेगळे क्रमांक दिसतात. विषयाच्या रकान्यातच `ROUND(…,0)` लावा, म्हणजे जे छापलं जाईल तेच मोजलं जाईल.

सूत्र कितीही नीट असलं तरी छापण्याआधी तीन मुलं निवडा: एक वरचा, एक मधला, एक समान गुणांचा. त्यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करा आणि त्यांच्यापेक्षा जास्त गुणांचे वेगवेगळे आकडे किती आहेत ते बोटानं मोजा. दहा मिनिटं लागतात.

शीट शनिवारपर्यंत माझ्याकडे द्या, K रकाना न पुसता. साडेबारा ते दीड मी संगणक कक्षात असेन, दोन्ही अधिवेशनांच्या शिक्षकांना ती वेळ सोयीची आहे. K मध्ये शून्याखेरीज काही असेल तर त्या मुलाच्या उत्तरपत्रिका सोबत आणा, तिथेच बसून बघू.