अण्णांसाठी तीन मिनिटं

दादा, तुझं भाषण कापलंय. काल मोबाईलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं तर दहा मिनिटांच्या थोडं वरच गेलं. उद्या तेराव्याला जेवणाआधी पाच जण बोलणार आहेत, गुरुजींनी प्रत्येकाला तीनच मिनिटं दिलीत, आणि ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याने आयुष्यभर लोकांची घड्याळं मिनिटावर लावून दिली, त्याच्या तेराव्याला आपणच वेळ खाल्ली तर कसं दिसेल सांग.

तुला राग येईल म्हणून काय काय काढलं ते आधीच सांगते. वाईचं बालपण आणि शाळा सगळं काढलं, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते आपल्यापेक्षा जास्त माहितीय. मुंबईला काम शिकायला गेले ते काढलं. सेलवरची घड्याळं आल्यावर धंदा कसा बसला तो भाग खरंतर चांगला होता पण त्यातच दोन मिनिटं जात होती, तो तू आणि मी नीट बसून लिहू कधीतरी. ज्ञानेश्वरीतली ओवी काढली कारण काका तीच म्हणणार आहेत, मी विचारलं. ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय’ ही ओळ तर अख्खीच उडवली, ती कुणाच्याही आजोबांना लागू पडते. आभाराची यादीही नको, ते आई शेवटी करेल.

दोन गोष्टी मात्र ठेवल्यात, पुराची आणि आत्याच्या लग्नाची, आणि त्यांना कात्री जवळजवळ लावलीच नाही. पूर ऐकला की माणूस कसा होता ते कळतं आणि लग्नाची ऐकली की त्याच्यासोबत राहणं काय होतं ते कळतं, मग बाकी कशाला. क्रम पण तोच ठेव, पुरानंतर लोक जरा गप्प होतील तेव्हा लग्न येऊ दे. आत्याला विचारलंय, ती म्हणाली बिनधास्त सांग, फक्त साडीचा रंग सांगू नको.

शेवटची ओळ माझी आहे, ती खरी आहे, नंतर बोलू त्यावर. सावकाश वाच, हसू आलं तर थांब. हे घे.

*

नमस्कार. मी अण्णांचा मोठा नातू.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा अण्णा २४ वर्षांचे होते. नारायण पेठेत आठ फुटी दुकान, लग्नाला वर्षही झालेलं नाही. पाणी आलं आलं म्हणून ओरडा झाला तसे आजीला घेऊन पर्वतीकडे पळाले, दुकानाला कुलूपसुद्धा लावलं नाही. पाणी ओसरल्यावर परत आले तर दुकानात माळ्यापर्यंत चिखल. दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळं त्या चिखलात, आणि कुणाचं कुठलं ते लिहिलेली वही म्हणजे निळ्या शाईचा लगदा.

अख्खी पेठ वाहून गेली होती, मातीच्या भिंतींची घरं बसली होती, घड्याळ कोण मागणार होतं? कुणीच मागितलं नसतं. अण्णांनी आजीची पिठाची चाळणी घेतली आणि घमेल्या-घमेल्याने चिखल चाळायला बसले. आजी पाणी ओतायची, ते चाळायचे. ती म्हणायची, नवी चाळणी गेली त्याचं मला अजून वाईट वाटतं. सापडलं ते घड्याळ उघडायचं, पेट्रोलने धुवायचं, गंजलेलं बदलायचं. वही नव्हती, पण मशीन पाहिलं की माणूस आठवायचा. हे जोशी मास्तरांचं, हे पोस्टातल्या बाबांचं, असं करत करत पुरग्रस्तांच्या वसाहतीत सायकलवर फिरून एकेक पोचवलं. दोन वर्षं चाललं ते. दुरुस्तीचे पैसे घेतले, पुराचे घेतले नाहीत. म्हणजे पट्टा बदलला असेल तर पट्ट्याचे घेतले, तिथे सूट नाही.

एक घड्याळ कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते रोज सकाळी चहाआधी चावी देऊन चालू ठेवायचे. आम्ही विचारलं का, तर म्हणाले, तो आला आणि बंद दिसलं तर काय म्हणेल?

दुसरी गोष्ट आत्याच्या लग्नाची, १९८६. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. अण्णांनी सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावलेलं. मंगलाष्टकं संपत आली, गुरुजी शेवटचं ‘सावधान’ म्हणणार, लोकांनी अक्षता मुठीत घट्ट धरलेल्या, आणि वधूपिता हात वर करून म्हणतात, थांबा, अजून चार मिनिटं आहेत.

गुरुजी म्हणाले माझ्या घड्याळात सतरा झालेत. अण्णा म्हणाले तुमचं पुढे आहे. व्याही चिडले, त्यांनी मनगट पुढे केलं, माझ्यातही सतराच झालेत म्हणाले. अण्णांनी भर मांडवात त्यांचं घड्याळ काढून घेतलं, चार मिनिटं मागे केलं, चावी दिली आणि परत बांधून दिलं. आता बघा म्हणाले. मग चार मिनिटं करायचं काय? आमच्या एका मावशीने उरलेल्या वेळात जागेवर रचून तीन मंगलाष्टकं म्हटली, शेवटच्यात बटाट्याची भाजी पण आली होती. मागच्या रांगेतल्या लोकांनी दोनदा अक्षता टाकल्या. आत्या हार धरून धरून रडायचीच विसरली.

काका आजही म्हणतात की सासऱ्यांनी मला चार मिनिटं जास्त स्वातंत्र्य दिलं, त्यांच्याकडून मिळालेला तेवढाच हुंडा. आणि व्याह्यांचं ते घड्याळ पुढे कधीच मागेपुढे झालं नाही, कारण ते दर दिवाळीला स्वतः पुण्याला येऊन अण्णांकडून तपासून न्यायचे. भांडायला यायचे असं म्हणायचे. जेवून जायचे.

अण्णा ८८ व्या वर्षी गेले. आदल्या आठवड्यापर्यंत डोळ्याला भिंग लावून बसत होते. हात थरथरायचा, पण चिमटा धरला की थांबायचा, हे मी स्वतः पाहिलंय, कसं ते मला सांगता येणार नाही.

एक कामाचं सांगून बसतो. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये अजून बरीच घड्याळं आहेत, दुरुस्त झालेली, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी आहे. आज ती इथे आणलीत. जेवून निघताना दाराशी माझी बहीण डबा घेऊन उभी असेल, आपापलं ओळखून घेऊन जा. चिठ्ठीवर अण्णांनी रक्कम लिहून ठेवलीय. ती द्यावी लागेल.