वृंदाला, सुहास गेल्यावर

उभादांडा, वेंगुर्ला
२० जुलै २०२५

प्रिय वृंदा,

अनेक आशीर्वाद.

सुहास गेला त्या दिवशी तू आली होतीस. मी तुला पाहिलं. पाऊस कोसळत होता, खळ्यात ताडपत्री बांधली होती, आणि तू वाटेवरच्या फणसाखाली छत्री धरून उभी होतीस. आत आली नाहीस. बायकांनी आपसात काहीतरी कुजबुज केली, कोणा पाहुण्याने तुला "तुम्ही कोणाकडच्या?" असंही विचारलं म्हणे. मी तांदूळ-तुळस बघायला आत गेले आणि बाहेर आले तोवर तू निघून गेली होतीस.

तुझा नवरा गेला म्हणून तुला कोणी भेटायला आलेलं नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. तुझं माणूस गेलंय, वृंदा. मला त्याचं फार वाईट वाटतं, त्याच्यासाठी आणि तुझ्यासाठीही.

ओरोसच्या कोर्टात २०१६ साली तुम्ही दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या. कायद्याने तू मोकळी झालीस, तोही झाला. पुढे त्याने मनीषाशी लग्न केलं आणि ती या घरात नीट नांदली. तिचं दुःख मोठं आहे, त्यातलं तू काही मागत नाहीस आणि मीही तुला मागायला सांगत नाही. पण २००२ ते २०१६ ही चौदा वर्षं कोर्टाच्या कागदाने पुसली जात नाहीत. ती मी गडग्याच्या अलीकडून पाहिली आहेत. तुमची भांडणं ऐकली, तो रात्री पिऊन आला की तू ओसरीवरचा दिवा मालवायचीस तेही बघितलं. तू गेलीस ते बरोबर केलंस असं मी तेव्हाच म्हटलं होतं आणि आजही म्हणते. ज्याला सोडून गेलीस त्याच्यासाठी आता रडू येतं, यात काही विपरीत नाही. तू त्याच्या पिण्याला सोडलंस. बाकीचा सुहास तुझ्या आयुष्यातून कुठे गेला होता?

"सुटलीस एकदाची" असं तुला शाळेत कोणी म्हणालं, तन्वीने सांगितलं. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण ते ऐकून तू गप्प राहिलीस आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसलीस. राग येत असेल तर तोही येऊ दे. त्याने तुझ्या पगाराचे पैसे उडवले होते, तुझ्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं हा नियम तेराव्याला जेवायला बसलेल्यांसाठी ठीक आहे, तुझ्यासाठी नाही.

तन्वीबद्दल थोडं लिहिते, तिला विचारूनच. मुलीला बापाचं सुतक, ती दहा दिवस घरात बसली, तिच्यासमोर दिवा तेवत होता. आणि तिची आई तिकडे कुडाळला, सुतक ना सोयर, रोजच्यासारखी हजेरी घेत होती. हेडमास्तरांना "अंगात कणकण आहे" सांगून तू एक दिवसाची रजा काढलीस, कारण खरं कारण लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. सकाळी टिकली काढलीस आणि शाळेत जाताना पुन्हा लावलीस, कोणी विचारेल म्हणून. तन्वीला हे सगळं ठाऊक आहे. ती मला म्हणाली, "काकी, मी आईसमोर बाबांचं नावच काढत नाही, तिला त्रास होईल." आणि तू तिच्यासमोर काढत नाहीस, तिला वाटेल आईला अजून काही आहे. दोघी एका खोलीत निजता आणि दोघी उशीत तोंड खुपसता. वृंदा, ती पुण्याला परत जायच्या आधी एकदा तरी तिच्यापाशी बस आणि तिच्या बापाच्या गोष्टी सांग, चांगल्याही आणि वाईटही. तिच्या आठवणीत त्याला ओळखणारं दुसरं माणूस तूच आहेस. चुलत्यांना त्याचं पोरपण ठाऊक आहे, मनीषाला शेवटची सहा वर्षं. मधला सुहास तुझ्याकडेच आहे.

आता तुला जे कोणी सांगितलं नसेल ते सांगते. गेल्याच्या घरी जाणाऱ्याला सगळं कळतं, तुला मात्र फक्त एक फोन आला.

त्या सकाळी तो ओसरीवर बसून कलमं बांधत होता. जून-जुलैतच कोय कलमाचा हंगाम, तुला वेगळं काय सांगायचं. पिशव्यांत कोयी रुजलेल्या, तांबूस कोवळी पानं आलेली, बाजूला हापूसच्या काड्यांचा भारा. नऊच्या सुमारास छातीत जळजळतंय म्हणाला, लिंबूपाणी घेतलं. पुन्हा बसला. दोन-तीन बांधली असतील. मग भिंतीला टेकला. रुग्णालयात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. फार त्रास झाला नाही, असं गाडीत बसलेला त्याचा पुतण्या म्हणाला आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे, तो खोटं बोलणारा पोर नाही. गेली तीन वर्षं तो पीत नव्हता. हेही तुला कोणी सांगितलं नसणार.

लाकडं ओली होती, तरी शेडखाली चिता नीट पेटली. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले, मनात धाकधूक होती, पण कावळा लगेच शिवला. कोणाला काही वचन द्यावं लागलं नाही. तुझ्या मनात असेल की माझ्यामुळे काही अडलं असेल का, म्हणून मुद्दाम लिहिते. काही अडलं नाही.

आणखी एक. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याने बांधायला एक पोरगा ठेवला होता, त्याचे बांध सैल पडून निम्मी कलमं वाया गेली. गडग्याशी येऊन मला म्हणाला, "काकी, वृंदान बांधलेला कलम कधी सुटलाच नाय. आता तिचो हात खयसून आणू?" एवढंच बोलला आणि गेला. तेव्हा तुला कळवायचं काही कारण नव्हतं. आता आहे. तू शाळेतून येऊन साडीचा पदर खोचून त्याच्यासमोर बसायचीस, प्लॅस्टिकची पट्टी दातात धरून काडीभोवती खालून वर गुंडाळायचीस आणि शेवटचा फेरा अडकवताना अंगठ्याने दाबायचीस. माझ्या परसातलं मोठं कलम तुम्हा दोघांच्या हातचंच, तन्वीच्या जन्माच्या वर्षी लावलेलं. यंदा उशिरा आलं, पण आलं. पेटी पाठवते, त्यातला एकही कोणाला वाटू नकोस, दोघी खा.

तुझी सासू असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तिने तुला आत ओढून नेलं असतं. या खेपेला कोणीतरी "वृंदाक कळवलास काय?" असं विचारलं, तर थोरल्याने "तिका कित्याक? तिचो आता काय संबंध?" असं म्हटलं. मी तिथेच होते. मी म्हटलं, "संबंध आसा. चौदा वर्सां या चुलीर तिना भाकऱ्यो भाजल्यान." त्यावर तो गप्प झाला, आणि मग मुलाला सांगून तुला फोन करायला लावला. माणूस वाईट नाही, त्याला रीत माहीत आहे तेवढीच.

रीतीबद्दल आपल्या भटजींना मी विचारून घेतलं. महालयाच्या तर्पणात आईबापापासून सुरुवात करून सासरा, गुरू, शिष्य आणि शेवटी आप्त असे सगळे येतात. नात्याचा दाखला कोणी मागत नाही. यंदा सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवार आहे. तुला वाटलं तर त्या दिवशी त्याच्या नावाने एखाद्या गरजवंताला शिधा दे, किंवा घरीच पान वाढून कावळ्याला ठेव. वाल घाल आणि भोपळ्याची भाजी, त्याला आवडायची. घरच्यांचं श्राद्ध घरचे करतील, त्यात तुझ्या पानामुळे कमीजास्त होत नाही. मनात नसेल तर काहीही करू नकोस. काही न करताही तो तुझ्या लेकीचा बाप होता.

सोबत एक फोटो पाठवते. तो त्यांच्या घरचा नाही, माझा आहे, माझ्या अनंताच्या लग्नातला, २००९ चा. तू पंगतीत सोलकढी वाढते आहेस आणि सुहास मागे तांब्या घेऊन उभा आहे, तुझ्याकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे नाही. तन्वी तुझ्या निऱ्या धरून आहे. अनंताकडून कॉपी काढून घेतली. ठेवायचा तिथे ठेव. भिंतीवर लावता येत नसेल तर पुस्तकात ठेव. कोणी विचारलं तर सांग की हा माझा नवरा होता. त्यापुढे कोणाला काही सांगायला तू बांधलेली नाहीस.

रात्री झोप येत नसेल किंवा शाळेत वर्गावर असताना घशाशी येत असेल तर घाबरू नकोस, माझा माणूस गेला तेव्हा मला वर्षभर तसं व्हायचं, आणि मला तर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तुला कोणी धरलेलं नाही, त्यामुळे तुला जास्त दिवस लागतील. जेवण मात्र सोडू नकोस. पेजेला तरी बस.

येत्या रविवारी ये. कुडाळहून सकाळची गाडी घे, स्टँडवर अनंता रिक्षा घेऊन येईल, तुला वाडीतून चालत यायला नको. मागच्या दाराने ये, पुढच्या ओसरीवर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. पेडव्यांचं सुकं करायचं म्हटलं तर होड्या बंद आहेत, खाऱ्या बांगड्याचं तिखलं करीन. जेवू आणि बसू. मनीषाला भेटायचं की नाही ते तू ठरव. ती त्या दिवशी मला विचारत होती, "त्या आल्या होत्या ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आत बोलवायला हवं होतं." तुला हेही कळायला हवं.

तन्वीला आण.

तुझी,
विमलकाकी